नसीमची उलट फेरी

नसीम, तुझ्या नावाने परवा वलवणला डान्स झाला. दुसरा शब्द मला सापडत नाही. धरणाकडच्या त्या रिसॉर्टच्या लॉनवर तुझा फोटो लावला होता, फोटोला झेंडूऐवजी कसली तरी वाळलेली पांढरी फुलं, आणि बाजूला फलक: ‘नसीमजींच्या आयुष्याचा उत्सव’. खाली बारीक अक्षरांत ‘हार्ट ओपनिंग व्हर्लिंग’. जाताना प्रत्येकाला बदामाच्या आकाराची चिक्की. लोणावळ्यात माणूस मेला तरी चिक्की सुटत नाही.

मी गेले कशाला, असं विचारशील. मग कुठे जाणार होते? तुला नेलं त्या दिवशी पुरुष कब्रस्तानात गेले आणि आम्ही बायका घरी बसलो. मी तर तुझी नात्याचीही नाही. पंचावन्न वर्षांची मैत्रीण म्हणजे कोण, याला तुमच्याकडेही शब्द नाही आणि आमच्याकडेही नाही. तुझ्या इक्बालने मला चहा दिला, आणि मी त्यालाच म्हटलं, बसा हो भाऊजी. रडायला म्हणून मला कुठे कोपराच मिळाला नाही. म्हणून तुझ्या वर्गातल्या तन्वीचा मेसेज आला तेव्हा म्हटलं, चला, निदान तिथे तरी.

आणि दुसरं म्हणजे तू मला कामाला लावून गेली होतीस. त्याच्यावर येतेच.

आधी हे सांग, तू त्या तन्वीला एवढं डोक्यावर का चढवलंस? तुझी पट्टशिष्या म्हणे. पुण्याहून शनिवारी गाडी काढून येणारी, बोटाबोटांत चांदीच्या अंगठ्या, आणि प्रत्येक वाक्यात ‘एनर्जी’. तुला दम लागायला लागल्यावर तिने तुझा तो गरगर फिरायचा वर्ग हातात घेतला आणि सुधारणा केल्या. पांढऱ्या घोळदार झग्याऐवजी रंगीबेरंगी घागरे. डोळे मिटून फिरायचं. स्पीकरवर ढोल. आणि तू कोपऱ्यात खुर्ची टाकून हे सगळं हसत बघायचीस! एकदा गाडीत मी तुला झापलंही होतं. “अगं, तुझ्या डोळ्यांदेखत तुझं वाटोळं करतायत, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस काय?” तू म्हणालीस, “फिरू दे गं. फिरता फिरता एखादा थांबेल तेव्हा त्याला काहीतरी सापडेल.” डोंबलाचं सापडतंय. सापडतो तो मोबाईल.

खरं सांगू का, तुझ्या या गरगरण्याबद्दल मला पहिल्यापासून तिटकाराच. सुदुंबऱ्याच्या आमच्या घरात सत्तावन्न सालापासून देव नाही. आजोबांनी दीक्षा घेतली आणि देव्हाऱ्याच्या जागी पुस्तकांची फळी आली. त्यात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. उभा जन्म मास्क लावून काढला. हृदय उघडताना मी पाहिलंय नसीम. छातीचं हाड कापावं लागतं, त्याला चिमटा लावून दोन्ही बाजू ताणाव्या लागतात, आणि आत एक मूठभर ओला स्नायू धडपडत असतो. त्यात मला कधी ना प्रेम दिसलं ना प्रकाश. आणि तू मला सांगणार, फिरल्याने ते उघडतं म्हणून!

तुमच्या घरातलं हे खूळ मात्र जुनं. तळेगावात शाळेला म्हणून मी मामाकडे राहायचे, तुमच्या शेजारी. गुरुवारी संध्याकाळी तुझे अब्बा आणि चार-पाच माणसं चटईवर गोल करून बसायची. दिवा बारीक. आपण दोघी पडद्याआडून बघायचो. मला ते भयंकर वाटायचं. ‘ला’ म्हणताना सगळ्यांच्या माना खाली बेंबीकडे, तिथून श्वास वर ओढत ‘इलाहा’ म्हणत मान उजव्या खांद्याकडे, आणि मग ‘इल्लल्लाह’ म्हणत डाव्या छातीवर असा हिसडा, की मला वाटायचं आता कुणाची तरी मान निखळून पडणार. हळू सुरू व्हायचं, मग वेग, मग शब्द गळून नुसता श्वास उरायचा, करवत चालल्यासारखा. तुझे अब्बा फार शांत माणूस, रेल्वेत होते. मी विचारलं, “अब्बा, तुमची मान दुखत नाही?” तर हसले. म्हणाले, “बेटा, आधी ‘नाही’ म्हणत घर झाडायचं, सगळा कचरा उजवीकडे लोटायचा. मग ‘फक्त तोच’ म्हणत डावीकडे ठोका द्यायचा. डावीकडे दिल आहे ना. दार ठोठावतो आम्ही.” मी घरी येऊन मामीला सांगितलं, तर मामी म्हणाली, “त्यांचं त्यांना करू दे. तू गणित कर.”

मामीचं बरोबरच होतं.

पण अब्बांचं निदान बसून तरी चालायचं. तू पुढची निघालीस. इक्बालला कंपनीने तुर्कस्तानात मशिनं बसवायला धाडलं, तू बरोबर गेलीस, आणि लोक तिकडून गालिचे आणतात तर तू हे गरगरणं घेऊन आलीस. कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईच्या घरात बायका-बायका जमून शिकायच्या म्हणे. परत आल्यावर पहिलं काम काय केलंस? सुताराकडून चौकोनी पाट करून घेतलास आणि मधोमध गोल डोक्याचा खिळा ठोकायला लावलास. सुतार मला स्टेशनजवळ भेटला तर म्हणाला, “सिस्टरबाई, त्या मॅडमचं डोस्कं ठिकाणावर हाय न्हवं? पाटाव खिळा कुणी ठोकतं व्हय?”

मी बघायला आले तर तू डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये तो खिळा धरून उभी. पाटावर मीठ पसरलेलं. मी म्हटलं, “मीठ भाकरीत घालतात.” तू म्हणालीस, पाऊल फिरताना घासू नये आणि कातडी सोलली तर पिकू नये म्हणून. माझ्या नर्सच्या जिवाला ते ऐकूनच घाम फुटला. डावा पाय खिळ्यावरून हलायचा नाही, तो खांब. उजवा पाय त्याच्यापुढून उचलून टाकायचा आणि अंग डावीकडे फिरवत न्यायचं, पूर्ण वर्तुळ झालं की पुन्हा उजवा. असं तू रोज करायचीस, घरात मूग भिजत घातलेले, दाराशी दूधवाला ओरडतोय, आणि तू पाटावर. टाच फुटली. रक्त आलं. मीच ड्रेसिंग केलं, आणि करताना तुला शिव्या दिल्या, त्या तू मान डोलावत ऐकल्यास.

आणि मग ते तुला यायला लागलं. हे मी कबूल करते, कारण डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही हात छातीवर फुली करून खांदे धरायचेस, सरळ उभी, एकच रेघ. मग फिरू लागल्यावर हात हळूहळू सुटायचे. उजवा वर, तळवा आभाळाकडे. डावा खाली, तळवा जमिनीकडे. मान जराशी उजवीकडे कललेली. डोळे उघडे, पण नजर डाव्या हाताच्या अंगठ्यावर नुसती टेकवलेली. मी विचारलं, तुला चक्कर कशी येत नाही? कानातलं पाणी हलतं तेव्हा भोवळ येणारच, हे शरीरशास्त्र आहे, तिथे तुझा देव काय करणार? तू म्हणालीस, “येते की. पहिले कितीतरी दिवस ओकतच होते. पण आपला हात आपल्याबरोबर फिरतो, म्हणून तो एकटाच स्थिर दिसतो. बाकी सगळं वाहून जातं. म्हणून डोळे मिटायचे नाहीत.” आणि तुझी ती तन्वी सगळ्यांना डोळे मिटायला लावते!

तुझ्या वर्गासाठी वलवणला जाता-येता आपलं भांडण ठरलेलं. मी गाडी चालवणार, तू बडबडणार. “कमळे,” तू म्हणायचीस, “मनाला बस म्हटलं की ते पळतं. पायाला काम दे, हाताला दे, मानेला, डोळ्याला दे. मग मनाला पळायला पायच उरत नाहीत. तेव्हा नाव आत उतरतं. दर फेरीला एकदा, मनातल्या मनात. जिक्र म्हणजे दुसरं काय, आठवण. डोक्याने काढली तर विसरते, अंगाला लावली की विसरत नाही.”

“आणि मग हृदय उघडतं.”

“उघडतं.”

“मग आनंदीआनंद.”

“कुणी सांगितलं? दार उघडलं की आत कोंडलेलं आधी बाहेर येतं. मी तर पहिल्यांदा अम्मीसाठी रडले. तिला जाऊन किती वर्षं झाली होती.”

तुझ्या त्या शनिवार-रविवारवाल्यांनी हे ऐकलं असतं तर पैसे परत मागितले असते.

मग मला ओढायला बघायचीस. तुला अल्लाचं नाव नको तर बुद्धाचं घे म्हणायचीस. मी म्हणायचे, बुद्धांनी जप करायला नाही, डोकं वापरायला सांगितलंय. आणि आम्ही स्तूपाला फेरी घालतो ती उजवा खांदा स्तूपाकडे ठेवून, तुमचं सगळंच उलटं. तू म्हणायचीस, “उलटं नाही गं, दिल डावीकडे म्हणून डावीकडे. आम्ही दिलाभोवती फिरतो.” एकदा मी चिडून म्हटलं, “बरं, मग मी तुझंच नाव घेते फिरताना, चालेल?” तर तू खरोखर घाबरलीस. कान धरलेस. “तौबा! माणसाचं नाव घेऊन फिरायचं नसतं. माणूस मरतो. मरणाऱ्याला धरून फिरलीस तर पडशील.” कामशेतच्या पुलापर्यंत तू तौबा तौबा पुटपुटत होतीस, आणि मला फार मजा वाटली होती.

आणि मग तुझ्याच हृदयाची झडप बिघडली. हृदय, हृदय करत जन्म काढलास आणि डॉक्टर म्हणाले छाती उघडून झडप बदलू, तर तू नको म्हणालीस! मी तुझ्या पाया पडायची बाकी राहिले. किती केसेस पाहिल्यात मी, धडधाकट होऊन घरी जातात लोक. तू काय म्हणालीस? “आता राहू दे. झालंय फिरून.” याचा राग माझा गेलेला नाही. जाणारही नाही. शहाणपणाच्या नावाखाली तू मला सोडून गेलीस, हे मी कुणापुढेही म्हणेन.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुझे पाय गार पडायचे. मी मोजे चढवत होते आणि डाव्या पायाचा अंगठा आणि बोट यांच्यामधली ती फट दिसली. रुंद, घट्टा पडलेली, खिळ्याच्या मापाची. मी म्हटलं, “हे घेऊन जाणार का वर?” तू हसलीस आणि खोकलीस. मग म्हणालीस, “कमळे, ही तन्वी माझ्यामागे काहीतरी घालणार कार्यक्रम. करू दे. फक्त शेवटी टाळ्या वाजवू देऊ नकोस. फिरणारा थांबतो, हात छातीवर घेतो, जमिनीला डोकं टेकतो आणि बसतो. तेव्हा जे आलेलं असतं ते टाळीने पळून जातं. तेवढं बघ.” मी म्हटलं, मी कोण सांगणारी? मी ना तुझ्या धर्माची, ना वर्गातली. तू म्हणालीस, “तुझ्या तोंडाला कोण लागतंय?”

तर हे काम.

परवा तिथे गेले. साठेक लोक असतील. मायक्रोफोनवर तन्वी तुझ्या ‘लाइट’बद्दल बोलली. तुझ्या पाटाचा, मिठाचा, फुटलेल्या टाचेचा एक शब्द नाही. मग संगीत सुरू झालं आणि सगळे उभे राहून फिरायला लागले. मी दोन मिनिटं बघत राहिले, कळेना काय खुपतंय. मग ध्यानात आलं. सगळेच्या सगळे उजवीकडे फिरत होते! देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे. एक जण ताकाच्या पिंपाशी जाऊन आपटला. बाकीचे झोकांड्या खात, हसत, एकमेकांना धरत. संगीत थांबलं आणि धडाधड टाळ्या. शिट्टीसुद्धा वाजली एक.

नसीम, तुझा फोटो समोर होता. माझं एकुलतं एक काम माझ्या तोंडावर फुटलं होतं. मी उठले.

“तन्वी, हे उजवीकडे कुणी शिकवलं तुम्हांला?”

“कमलताई, मीच बदललं ते,” ती गोड आवाजात म्हणाली. “नसीमजी उलटं फिरायच्या ना, पण आपल्या लोकांना ते नको वाटतं. माझ्या आईलाही आवडायचं नाही. उलट फेरी आपल्याकडे मयताला घालतात.”

“मग मयतच झालंय ना!” मी ओरडले. “कुणाच्या बारशाला आलोय आपण?”

तन्वीचा चेहरा पडला. पण तीही पुण्याची. म्हणाली, “मग ताई, तुम्हीच दाखवा ना कसं ते.” मला गप्प करायला म्हणाली ती. माझा दुखरा गुडघा तिला माहीत आहे.

आता माघार घेतली असती तर तू वरून हसली असतीस. मी चपला काढल्या. गवत ओलं होतं. डावा पाय रोवला, आणि खिळा नव्हता म्हणून अंगठ्याने आणि बोटाने गवतच पकडलं. हात छातीवर. मला फार मूर्ख वाटत होतं, हे लिहून ठेव. म्हातारी बाई, प्रिंटेड कॉटनची साडी, कमरेत खोचलेला पदर. उजवा पाय पुढून टाकला आणि डावीकडे वळले. पुन्हा. पुन्हा. गुडघा कळवळला. हात सोडले, उजवा वर, डावा खाली. अंगठ्यावर नजर टेकवली आणि काय सांगू, लॉन वाहून गेलं. घागरे, ताकाचं पिंप, तन्वी, सगळं पट्ट्यापट्ट्यांनी वाहून गेलं, आणि मध्ये माझा सुरकुतलेला अंगठा तेवढा जागेवर.

आणि मनाला खरोखरच पळायला पाय उरले नाहीत. तिथे काहीतरी म्हणावं लागतं, नाहीतर पोकळी होते. अल्ला माझ्या तोंडात येईना. बुद्धांना मी यात ओढणार नव्हते. मग एका फेरीला आपोआप तोंडून आलं: नसीम. पुढच्या फेरीला: नसीम. ते डावीकडेच जाऊन आपटत होतं, अब्बांच्या ठोक्यासारखं. आत मोजे दिसले, गार पाय दिसला, ती फट दिसली. पडद्याआड तोंड दाबून हसणारी तू दिसलीस. आणि इतके दिवस अडकलेलं सगळं रडू वर आलं, चांगलं मोठ्याने, नाकातोंडातून, सगळ्यांसमोर.

मी थांबले. हात छातीवर घेतले. गुडघा दुमडेना, तरी बसले आणि कपाळ गवताला टेकलं. आणि लगेच मनात आलं, आता टाळ्या. आता ही मंडळी टाळ्या पिटणार, मोबाईल वर करणार, आणि मी त्यांना थांबवू शकणार नाही, कारण मला उठताच येत नव्हतं.

टाळी वाजली नाही. मान वर केली तर तन्वी दोन्ही हात पसरून लोकांपुढे उभी होती, त्यांना अडवत. मग ती आली आणि माझ्याशेजारी, त्या महागड्या घागऱ्यात, ओल्या गवतावर बसली. म्हणजे तू तिलाही सांगून ठेवलं होतंस तर, मघाशी विसरली असणार! माझ्यावर विश्वास नव्हता होय गं तुझा?

धरणाकडून वारा येत होता आणि लांब हायवेवर गाड्या. मग कुणीतरी चहा आणला.

घरी येताना कामशेतच्या पुलावर मी गाडी बाजूला घेतली. हृदय उघडलं का, विचारशील. काही उघडलं-बिघडलं नाही. ते स्नायूच आहे, आणि तू ऑपरेशन करून न घेणारी हट्टी बाईच आहेस. तन्वी मला अजूनही आवडत नाही. ती बदामाच्या आकाराची चिक्की मी शेजारच्या पोरांना दिली. पण एक गोष्ट तुला ऐकावीच लागेल. तुझा नियम मी मोडला. तुझं नाव घेऊन फिरले, दर फेरीला, मोठ्याने. मरणाऱ्याला धरून फिरले, नसीम, आणि पडले नाही.